भाडेकरूला जाऊ द्या, पण आधी त्याचं डिपॉझिट कुठे आहे ते बघा

प्रश्न : वय ४३, खासगी नोकरी. परळला आईबाबांच्या घरी राहतो. मुलुंड पूर्वेला कर्ज काढून वन बीएचके घेतलाय, तो भाड्याने दिलाय. भाडं ३४,०००, ईएमआय ४३,०००, कर्ज अजून ३८ लाख बाकी. हातात पगार ८५,०००, घरखर्च ६२,०००, मुलुंडचा मेंटेनन्स साडेचार हजार. करार २४ महिन्यांचा, १४ झाले, लॉक-इन संपलाय, नोटीस दोन महिन्यांची. भाडेकरूची अचानक हैदराबादला बदली झाली. म्हणतो, २० दिवसांत सोडू द्या, माझ्या जागी ऑफिसमधला मित्र आणून देतो. मी दोन महिन्यांवर अडून बसावं का? शेजारी म्हणतात, आता ३८,००० सहज येतील. डिपॉझिट दोन लाख घेतलं होतं. ते नुसतं पडून राहू नये म्हणून बँकेतल्या मॅडमनी सुचवलेल्या गॅरंटीड प्लॅनमध्ये टाकलं. वर्षाला एक लाख, दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी २० लाख. दोन हप्ते झाले. नव्या मुलाने त्याचं डिपॉझिट परस्पर जुन्याला दिलं तर मला मधे पैसे उभे करावे लागणार नाहीत. बचत खात्यात ६०,००० आहेत, शिवाय बायकोची दीड लाखाची एफडी, मुलीच्या अकरावीसाठी (आत्ता नववीत आहे).

उत्तर : अडून बसू नका. जाऊ द्या त्याला, पण त्याच्या पद्धतीने नाही, तुमच्या पद्धतीने. ती कशी ते सांगतो. पण त्याआधी पत्रातल्या त्या दोन वाक्यांबद्दल बोलायला हवं, जी तुम्ही जाता जाता लिहिली आहेत. भाडेकरूचे दोन लाख आज तुमच्याकडे नाहीत. तुम्हाला नोटिशीचे दोन महिने हवे आहेत ते भाड्यासाठी कमी आणि या दोन लाखांसाठी जास्त, असं मला आकडे बघून वाटतं.

डिपॉझिट हे तुमचं उत्पन्न नाही, तुमची बचतही नाही. ते बिनव्याजी घेतलेलं कर्ज आहे आणि ते कोणत्या दिवशी फेडायचं हे समोरचा ठरवतो. करारात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की ताबा परत मिळताच डिपॉझिट परत करायचं. म्हणजे त्याने उद्या नियमाप्रमाणे पूर्ण दोन महिन्यांची नोटीस दिली असती, तरी साठाव्या दिवशी किल्ली हातात घेताना तुम्हाला दोन लाख मोजावेच लागले असते. साठ दिवसांत फेडावं लागू शकणारं कर्ज तुम्ही वीस वर्षांच्या पॉलिसीत घातलंत. हे सुचवताना त्या मॅडमनी ‘हे पैसे कुणाचे, परत कधी द्यायचे’ हा एक प्रश्न विचारायला हवा होता. तो विचारला असता तर पॉलिसी विकली गेली नसती. याचा मला मनापासून राग येतो, कारण खात्यात दोन लाख जमा झालेले दिसल्यावर फोन करणारे असे प्रतिनिधी घराघरांत हेच करून जातात.

आता दहा लाखांचे वीस लाख, या ‘डबल’चा हिशेब. पहिला हप्ता वीस वर्षं अडकतो, दहावा अकरा वर्षं. सरासरी धरली तर तुमचा प्रत्येक रुपया साडेपंधरा वर्षांत दुप्पट होतो. पैसे जितक्या वर्षांत दुप्पट होतात त्या आकड्याने बहात्तरला भागलं की व्याजाचा दर साधारण कळतो. इथे साडेपंधराने भागा, साडेचार टक्क्यांच्या आसपास व्याज येतं. पीपीएफचा दर २०२० पासून ७.१ टक्के आहे. तोच टिकला असं धरून दर वर्षी एक लाख दहा वर्षं पीपीएफमध्ये घातले आणि विसाव्या वर्षापर्यंत तसेच ठेवले, तर २९ लाखांच्या पुढे जातात. सरकारी हमी तिथेही आहे. म्हणजे ‘गॅरंटीड’ या शब्दासाठी तुम्ही नऊ लाख मोजताय.

अशा पॉलिसीत विमा बहुधा वार्षिक हप्त्याच्या दहापट असतो, म्हणजे तुमचा १० लाख. डोक्यावर कर्ज ३८ लाख. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर बायकोच्या हातात दहा लाख येतील आणि बँकेला २८ लाख देणं उरेल. विमा म्हणूनही ही पॉलिसी अपुरीच आहे.

मग ती आजच मोडायची का? इथे बहुतेक जण रागाच्या भरात सरेंडर करतात आणि दुसरी चूक होते. दोन हप्ते भरलेल्या अशा पारंपरिक पॉलिसीचं हमी सरेंडर मूल्य भरलेल्या रकमेच्या साधारण ३० टक्के असतं, म्हणजे तुमच्या बाबतीत ६०,०००. विशेष सरेंडर मूल्य त्याहून जास्त असू शकतं. पण तिसरा एक रस्ता आहे, पेड-अप. पुढचे हप्ते भरायचे नाहीत, पॉलिसी बंदही करायची नाही. दहापैकी दोन हप्ते भरलेत, म्हणून शेवटी मिळणारी रक्कमही त्याच प्रमाणात, म्हणजे २० लाखांऐवजी साधारण ४ लाख, त्याच विसाव्या वर्षी. आज ६०,००० काढून घेतले तर त्यांचे एकोणीस वर्षांत चार लाख व्हायला वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त परतावा हवा. सुरक्षित ठिकाणी तो मिळत नाही. म्हणून सरेंडरची रक्कम खरंच साठ हजारांच्या आसपास निघाली तर पॉलिसी पेड-अप होऊ द्या. लाखाच्या पुढे निघाली तर पुन्हा हिशेब मांडू, कारण मग साडेसात टक्क्यांतच बरोबरी होते.

कंपनीला ईमेल करून दोन आकडे लेखी मागा. आजचं सरेंडर मूल्य किती, आणि पेड-अप केली तर मुदतीअंती नेमकं किती मिळणार. बँकेतल्या मॅडमना विचारू नका, थेट विमा कंपनीला विचारा. पॉलिसीच्या कागदांत पेड-अपचं कलम असतं, तेही वाचा. काही योजनांत पेड-अप झाल्यावर बोनस किंवा वाढीव लाभ गळतात आणि मग चार लाखांचे तीन होतात.

‘दोन लाख गेलेच आहेत, आता पूर्णच करू’ हा विचार मात्र करू नका. पुढचे आठ हप्ते म्हणजे आठ लाख आणखी घालून वरचे १६ लाख मिळतात. हे आठ लाख सरासरी साडेचौदा वर्षांत दुप्पट होतात, म्हणजे पाच टक्क्यांच्या आतच. आधीचे दोन लाख बाजूला ठेवून बघितलं तरी हा सौदा वाईटच आहे. तिसरा हप्ता भरू नका.

आता भाडेकरूकडे वळू. त्याने ‘माझ्या जागी मित्र’ असं म्हटलं म्हणून तो मित्र तुमचा भाडेकरू होत नाही. लिव्ह अँड लायसन्समध्ये दिलेली परवानगी एका माणसाला दिलेली असते. १८८२ च्या सुखाधिकार कायद्याप्रमाणे लायसन्स घेणाऱ्याला ती दुसऱ्याच्या हवाली करता येत नाही. म्हणून मित्र हा फक्त एक उमेदवार आहे. निवड तुमची, अटी तुमच्या, करार नवा. जुन्या करारावर नाव बदलून किंवा पाठीमागे दोन ओळी लिहून हे होत नाही.

हे मी इतकं ठासून सांगतोय कारण पुढे काय होतं ते माहीत आहे. शनिवारी जुना मुलगा सामान हलवतो, रविवारी नवा गादी घेऊन येतो, किल्ली दोघांत परस्पर बदलते आणि ‘करार काय, पुढच्या आठवड्यात करू’ असं ठरतं. त्या क्षणी तुमच्या घरात असा माणूस राहतोय ज्याचा तुमच्याशी नोंदणीकृत कागद नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ सांगतं की करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि तो नोंदवायची जबाबदारी मालकाची. तो नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर तुम्ही उलट सिद्ध करत नाही. शिवाय पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, ही शिक्षा मालकाला आहे. कलम २४ मध्ये मुदत संपूनही न जाणाऱ्याला सक्षम प्राधिकाऱ्याकडून बाहेर काढायची आणि दुप्पट दराने भरपाई मिळवायची सोय आहे, तीही कागद असेल तरच हाताशी येते. परळला बसून तुम्ही मुलुंडच्या घरावर नजर ठेवू शकत नाही, म्हणून कागदच तुमचा पहारेकरी आहे.

नव्या कराराचा खर्च बघा आणि मग ठरवा की तो टाळण्यासारखा आहे का. ३४,००० भाडं, २४ महिने, म्हणजे ८ लाख १६ हजार. त्यात दोन लाख डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के मानीव व्याज, दोन वर्षांचं ४०,०००. या एकूण रकमेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, सुमारे २,१५०. नोंदणी फी १,०००. ऑनलाइन नोंदणीच्या किरकोळ आकारासह साडेतीन हजारांच्या आत बसतं. करार करून देणारा एजंट घरी येऊन बोटांचे ठसे घेतो, त्याची मजुरी वेगळी. करार मधेच मोडण्याची गरज जुन्या भाडेकरूमुळे आली, तेव्हा हा साडेतीन हजारांचा खर्च त्याने उचलावा असं तुम्ही नि:संकोच म्हणू शकता. चांगला मुलगा असेल तर तो नाही म्हणणार नाही.

नोटिशीचं काय करायचं? २० दिवसांनी तो गेला तर दोन महिन्यांपैकी ४० दिवस उरतात. दिवसाला साधारण १,१३० धरले तर ४५,०००. करारानुसार ते तुमचे आहेत. पण तुम्ही ते आग्रहाने घेतलेत तर काय होतं ते मांडतो. मित्राला घर आत्ता हवंय, दोन महिन्यांनी नाही, तो दुसरीकडे जाईल. मग तुम्ही दलालाकडे जाल. मुंबईत दलाल भाडेकरूकडून एका महिन्याचं भाडं घेतोच, मालकाकडूनही तेवढं किंवा निदान अर्धं मागतो. म्हणजे ४५,००० आले आणि ३४,००० दलालाला गेले. हातात ११,००० उरले, तेही नवा माणूस बरोब्बर चाळिसाव्या दिवशी आला तर.

उलट, समजा मुलगा २५ तारखेला गेला, पाच-सहा दिवसांत साफसफाई आणि एक हात रंग मारून झाला आणि मित्र १ तारखेपासून आला. मधल्या सहा दिवसांचे ७,००० जुन्याकडून घ्या. उरलेल्या ३४ दिवसांचं भाडं, साधारण ३८,०००, मित्र देईल. तुमच्या ४५,००० मधला एक रुपया बुडाला नाही आणि दलालीही वाचली. म्हणून करून घ्यायची समजूत अशी की नोटिशीच्या काळाचं भाडं जुना भाडेकरू देत राहील, पण नव्या करारातलं भाडं ज्या दिवशी सुरू होईल त्या दिवशी त्याचं थांबेल. त्याने खरोखर माणूस आणला तर त्याचा फायदा, नाही आणला तर तुमचं नुकसान नाही. मित्र आणायचा प्रस्ताव त्याचा आहे, तेव्हा तो फसला तर त्याचा भार त्यानेच उचलावा. फक्त एकाच दिवसाचं भाडं दोघांकडून घ्यायचा मोह धरू नका. कागदावर दोन महिने लिहिलेत म्हणून तसं करणारे मालक मी पाहिलेत आणि तिथे डिपॉझिटवरून भांडण ठरलेलं असतं.

हे बोलणं ईमेलवर व्हायला हवं. त्याने नोटिशीची तारीख, घर सोडायची तारीख आणि बदलीचं पत्र जोडून लिहावं. तुम्ही वरची अट लिहून होकार द्यावा. किल्ली घेताना ताबा परत मिळाल्याची पावती दोघांच्या सह्यांनी करा. त्यात विजेच्या मीटरचा आणि पाइप गॅसचा आकडा त्या दिवशीचा असू द्या, म्हणजे शेवटचं बिल कुणाचं यावर वाद राहत नाही.

मित्राला बघताना एक गोष्ट विसरू नका. तो त्याच कंपनीतला आहे. ज्या कंपनीने एकाला २० दिवसांत हैदराबादला धाडलं, ती दुसऱ्यालाही धाडू शकते. त्याला सरळ विचारा, बदली होणारी नोकरी आहे का. तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, कंपनीचं ओळखपत्र, आधार, पॅन घ्या, आणि आधीच्या घरमालकाचा नंबर घेऊन त्याला स्वतः फोन करा. सोसायटीचे कागद आणि पोलिसांकडे भाडेकरूची ऑनलाइन माहिती देणं हे नेहमीचंच. नव्या करारात सहा महिन्यांचं लॉक-इन ठेवा. त्यानंतर एरवी दोन महिन्यांची नोटीस, पण कंपनीचं बदलीचं पत्र असेल तर एक महिन्याची, आणि त्या वेळी नव्या कराराचा खर्च सोडणाऱ्याचा, असं कलम घाला. दोन महिन्यांची अट लिहून ऐनवेळी घासाघीस करण्यापेक्षा पाळली जाईल अशी एक महिन्याची अट चांगली.

शेजाऱ्यांच्या ३८,००० बद्दल. ते मागितलेलं भाडं आहे की मिळालेलं? इमारतीत गेल्या तीन-चार महिन्यांत कोणता करार किती भाड्याने नोंदवला गेला ते सोसायटीच्या ऑफिसात विचारा. चार हजार जास्त मिळवायला घर एक महिना रिकामं ठेवलंत तर ३४,००० गेले, ते भरून निघायला साडेआठ महिने लागतात. दोन महिने रिकामं राहिलं तर सतरा महिने, आणि तोवर नवा भाडेकरूही जायच्या तयारीत असेल. मित्राला ३५,००० सांगून बघा. नाही म्हणाला तर ३४,००० वर द्या.

आणि तुम्हाला रिकामं घर परवडत नाही, हे तुमच्याच आकड्यांत दिसतंय. पगार आणि भाडं मिळून १ लाख १९ हजार येतात. ईएमआय, घरखर्च, मेंटेनन्स मिळून १ लाख साडेनऊ हजार जातात. भाडं थांबलं की महिन्याला २४,५०० ची तूट. बचत खात्यातले ६०,००० अडीच महिने पुरतील, तेही डिपॉझिट द्यायचं नसेल तर. भाडं वर्षाला बारा महिने येतं हे गृहीत धरूनच तुम्ही कर्ज पेलताय. भाड्याचं घर वर्षाला अकरा महिनेच कमावतं असं धरा, म्हणजे ३४,००० नाही, महिना ३१,००० च.

आता परस्पर डिपॉझिटची कल्पना. ती सोडून द्या. नव्या करारात लिहिलं जाईल की तुम्हाला दोन लाख मिळाले आणि ते कसे मिळाले. प्रत्यक्षात ते हैदराबादला निघालेल्या माणसाच्या खात्यात गेले असतील. शेवटचं वीजबिल, तुटलेला गीझर, सहा दिवसांचं भाडं यातलं काहीही कापून घ्यायची संधी तुमच्या हातून गेली. आणि मित्र म्हणाला की मी एकच लाख देईन, तर? हल्ली बरेच भाडेकरू दोन-तीन महिन्यांच्या भाड्याएवढंच डिपॉझिट देऊ करतात. मग उरलेला लाख तुम्हाला एका रात्रीत उभा करावा लागेल. पैसे नव्या मुलाकडून बँकेने तुमच्या खात्यात, आणि तुमच्या खात्यातून जुन्याच्या खात्यात, असेच गेले पाहिजेत.

जुन्याला नेमकं किती द्यायचं? दोन लाखांतून सहा दिवसांचे ७,०००, कराराचे साडेतीन हजार आणि बिलांचे अडीच हजार वजा करा. १ लाख ८७ हजार. मित्राची तारीख पक्की नसेल, करार झाला नसेल, तर नोटिशीचे ४५,००० आणि बिलांचे अडीच हजार मागे ठेवून दीड लाखाच्या थोडं वर किल्ली घेतानाच द्या. बाकीचा हिशेब नवा करार झाल्यावर किंवा नोटीस संपल्यावर, जे आधी होईल तेव्हा, आठ दिवसांत मिटवा. ही तारीख ईमेलमध्ये लिहा. त्याच्या हैदराबादच्या घरालाही डिपॉझिट लागणार आहे, तुम्ही त्याला लटकवून ठेवू नका.

हे पैसे कुठून? नव्याचं डिपॉझिट वेळेत आलं तर त्यातून, नाही तर बचत खातं आणि बायकोची एफडी मोडून. एफडी मुदतीआधी मोडल्याचा दंड दीड लाखावर दीडेक हजाराच्या आसपास जाईल. मात्र एफडी मोडावी लागली नाही तरी एक गोष्ट बायकोशी बसून मान्य करा. ती एफडी आता मुलीच्या अकरावीची राहिलेली नाही. नव्या भाडेकरूचे दोन लाख तुम्ही जुन्याला दिलेत, तर नव्याचं देणं तसंच उभं आहे आणि त्याच्या पाठीशी तुमच्याकडे पॉलिसी सोडून फक्त ती एफडी आणि खात्यातली बचत आहे. मुलीचे पैसे पॉलिसीत गेले, भाडेकरूचे नाही, असंच हे गणित होतं. एफडी आणि बचतीतले ५०,००० मिळून दोन लाख ‘डिपॉझिट’ म्हणून वेगळे ठेवा, तुमच्या नावाने वेगळी एफडी करून, आणि त्यांना हात लावू नका. त्यावरचं व्याज तेवढं तुमचं.

मुलीसाठी मग नव्याने जमवायला लागेल आणि ते जमतं. तिसरा हप्ता भरायचा नाही, त्यामुळे महिन्याचे साडेनऊ हजार मोकळे राहतात, वर्षाला १ लाख १४ हजार. त्यातून आधी एक कोटीचा साधा टर्म इन्शुरन्स घ्या. निर्व्यसनी असाल आणि तब्येत ठीक असेल तर वार्षिक हप्ता वीस ते तीस हजारांच्या घरात यावा. पेड-अप झालेल्या पॉलिसीतला विमाही त्याच प्रमाणात कमी होतो, म्हणून जुनीच्या तिसऱ्या हप्त्याची तारीख यायच्या आत टर्म पॉलिसी हातात असू द्या, एवढंच पथ्य. तुमच्याकडे त्यासाठी जवळपास वर्ष आहे, त्यामुळे याच महिन्यात अर्ज करा. उरलेले महिना साडेसात हजार रिकरिंगमध्ये टाकलेत तर वीस महिन्यांत दीड लाख होतात. मुलगी तोवर दहावी देऊन अकरावीच्या रांगेत असेल.

भाडेकरूला आजच ईमेल करा, त्याच्या वीस दिवसांतले काही एव्हाना गेले असतील. मित्राला या शनिवारी घर दाखवा. करार नोंदला जाऊन त्याची प्रत तुमच्या हातात येईपर्यंत किल्ली तुमच्याकडेच राहू द्या.